कपाटावरचा नॅस

मनोरच्या घरी कपाटावर छोटा नॅस आहे. अब्बांचे जमिनीचे कागद, आपाच्या निकाहचे फोटो, सगळे त्यात. एका रात्री लॉग उघडला, तर `admin` नावाने लॉगिनचे शेकडो फसलेले प्रयत्न! नाव आयते ठाऊक, पासवर्ड तेवढा शोधायचा.

आधी वेगळ्या नावाचे अ‍ॅडमिन खाते काढले, त्यातून आत शिरलो, मगच `admin` बंद केले. मग मोबाइलवरचा दुसरा कोड लावला. तो चालेना. वीज जाऊन नॅसचे घड्याळ मागे पडले होते, आणि कोड बदलतो दर ३० सेकंदांनी. वेळ इंटरनेटवरून जुळवली. पण हा कोड वेबपानावरच विचारला जातो, एफटीपीला नुसता पासवर्ड पुरतो. म्हणून एफटीपी आणि टेलनेट बंद केले, राउटरवरचे त्यांचे पोर्टही. मोबाइल हरवलाच तर लागणारे कोड अम्मीने रेशनकार्डासोबत ठेवलेत.