तेवीस जण आणि एक तारीख

काही वर्षांपूर्वी मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी आम्ही २३ साहित्यिकांच्या जन्मतारखांची यादी करायचे ठरवले. यादीचे काम पेणकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला दिले होते. तिने दोन आठवडे ग्रंथालयात बसून ती मनापासून तयार केली. कुसुमाग्रज २७ फेब्रुवारी, तेंडुलकर ६ जानेवारी, जी. ए. कुलकर्णी १० जुलै, असे वाचत मी ऑगस्टपर्यंत आलो आणि थांबलो. बालकवींच्या नावापुढे १३ ऑगस्ट होते आणि आचार्य अत्र्यांच्या नावापुढेही १३ ऑगस्टच.

"वर्षाचे ३६५ दिवस आणि माणसे अवघी २३. एक ओळ दोनदा उतरवली आहेस," असे मी सर्वांसमोर म्हणालो आणि अत्र्यांच्या पुढची तारीख लाल शाईने खोडली. "सर, मी दोन पुस्तकांत पाहिले आहे," एवढेच ती हळू आवाजात म्हणाली. मी ऐकले नाही. भित्तिपत्रक लागले तेव्हा अत्र्यांपुढची जागा कोरी होती.

चूक माझी होती. बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावला झाला, अत्र्यांचा १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीतला. दोन्ही तारखा निःसंशय खऱ्या. त्या दिवशी संध्याकाळी कासूला उतरलो, घरी येऊन चरित्रे उघडली आणि ओशाळलो. पण त्याहून अधिक एका प्रश्नाने अस्वस्थ केले. माझी शंका इतकी ठाम का होती? गणित शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला विचारले, तर ते हसून म्हणाले, "तेवीस? नेमका तोच आकडा. तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे." माझा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कागद पुढे ओढला.

सर्व तारखा सारख्याच संभाव्य आहेत असे धरू आणि २९ फेब्रुवारी बाजूला ठेवू. आता तारीख जुळण्याची नव्हे, न जुळण्याची शक्यता मोजायची. पहिल्या माणसाला कोणतीही तारीख चालेल. दुसऱ्याने ती टाळायची, म्हणून त्याला ३६५ पैकी ३६४ दिवस मोकळे. तिसऱ्याला ३६३, चौथ्याला ३६२. असे करत तेविसाव्याला ३४३ दिवस उरतात. प्रत्येक पायरीवर अडचण थोडीशीच वाढते. तेविसावा माणूससुद्धा एकटा पाहिला तर बहुतेक वेळा सुटतोच. पण कोणीच कोणाशी जुळू नये असे हवे असेल, तर सर्वांनी एकापाठोपाठ सुटले पाहिजे, म्हणजे या सगळ्या अपूर्णांकांचा गुणाकार करावा लागतो. दहा माणसांपर्यंत तो ८८ टक्क्यांवर असतो, विसाव्याला ५९ वर येतो, बाविसाव्याला ५२ वर आणि तेविसाव्याला ४९.३ वर. म्हणजे निदान एक जोडी जुळण्याची शक्यता ५०.७ टक्के. चाळीस माणसे असतील तर ती ८९ टक्के होते.

आकडे पटले, तरी मन मानेना. ते का मानत नाही याचे उत्तर मला साहित्याच्या वर्गातच सापडले. आपण यादी प्रथमपुरुषात वाचतो. तेवीस जणांत उभे राहिल्यावर आपण नकळत विचारतो, 'माझ्या तारखेचा इथे कोण आहे?' त्या प्रश्नाला उमेदवार फक्त २२ आणि शक्यता जेमतेम सहा टक्के. तिथे आपली भावना अगदी बरोबर असते. आपल्याच तारखेचा कोणी भेटण्याची शक्यता निम्म्यावर यायला दुसरी २५३ माणसे लागतात. पण मूळ प्रश्नात 'मी' नाहीच. कोणीही दोघे चालतात. तेवीस जणांपैकी प्रत्येकाची उरलेल्या बावीस जणांशी जोडी लावली आणि दोनदा मोजलेल्या जोड्या वगळल्या, तर २३ गुणिले २२ भागिले दोन, म्हणजे २५३ जोड्या होतात. पुन्हा तोच आकडा. माणसे थोडी असतात, त्यांच्यातली नाती फार. मी २३ नावे वाचली होती. २५३ जोड्या मला दिसल्याच नव्हत्या.

पुढे मी यादी चाळिसांपर्यंत वाढवली, तेव्हा आणखी एक जोडी निघाली. ह. ना. आपटे आणि आरती प्रभू, दोघांचाही जन्म ८ मार्चचा, एकाचा १८६४ सालचा तर दुसऱ्याचा १९३० सालचा. या वेळी लाल शाई बाहेर काढली नाही.

असो. शिकलेला धडा माणूस लगेच नको तिथे वापरतो. वडिलांच्या शालेय सोबत्यांचे संमेलन कासूतच आमच्या ओटीवर भरणार होते, म्हणून जुन्या पटावरून ३१ जणांची यादी आणली होती. तीत १ जून ही तारीख नऊ जणांपुढे होती, वडिलांच्याही पुढे. मी उत्साहाने जोड्यांचे गणित सांगू लागलो. वडील ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "अरे, ती गुरुजींची तारीख."

खेड्यात जन्माची नोंद नसे. पोर दारात उभे राही, जूनमध्ये शाळा सुरू होई, आणि वय पुरे भरलेले दिसावे म्हणून गुरुजी १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रातल्या किती तरी दाखल्यांवर ही तारीख अशीच आली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी कचेऱ्यांतून एकदम इतकी माणसे बाहेर पडत आली आहेत. वडीलही त्याच दिवशी निवृत्त झाले.

इथे गणिताची मर्यादा कळते. ३१ जणांत एखादी जोडी असणे अगदी स्वाभाविक आहे, ती शक्यता ७३ टक्के आहे. पण तिघांची एकच तारीख येण्याची शक्यता निम्म्यावर यायला ८८ माणसे लागतात, आणि इथे तर ३१ मध्ये नऊ. जोडी दिसली तर संशय घेऊ नये. गर्दी दिसली तर लिहिणारा हात शोधावा. शिवाय तारखांची वाटणी कुठेही असमान झाली, की जुळण्याची शक्यता वाढतेच. दहांतल्या एकाची तारीख १ जून लिहिली जाते असे धरले, तर तेवीस जणांत जोडी सापडण्याची शक्यता ५१ वरून सुमारे ८४ टक्क्यांवर जाते.

एकदा मी खरी तारीख खोटी ठरवली. दुसऱ्यांदा खोटी तारीख योगायोग म्हणून खपवायला निघालो. आजी सांगे, वडील झाले तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. म्हणजे दिवस दिवाळीनंतरचे असणार, जूनचे खासच नव्हेत. याहून अधिक आता कोणालाच सांगता येणार नाही.

ती विद्यार्थिनी आज शिक्षिका आहे. मागच्या १३ ऑगस्टला तिला पत्र लिहिले. बालकवी आणि अत्रे ही दोन नावे एकाखाली एक लिहून दोन्हींपुढे तारीख घातली, आणि खाली क्षमा मागितली. तिचे उत्तर आले : "सर, माझ्या वर्गात २६ मुले आहेत. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. दाखले तपासले, दोन्ही खरे आहेत."