काडीच्या आतले तीन आकडे

अब्बांच्या चष्म्याच्या दुकानात संध्याकाळी मीही काउंटरवर बसते. फ्रेम घ्यायला आलेल्या बहुतेक बायका आधी आरसा मागतात, मग विचारतात, ‘माझ्या चेहऱ्याला कुठला आकार शोभेल?’ प्रश्न बरोबरच आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न मापाचा. माप चुकलं की शोभणारी फ्रेमही महिन्याभरात डबीत जाऊन पडते.

माझ्या भाचीचंच पाहा. बारावीत आहे, दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच नंबर. चेहरा गोल म्हणून कुणीतरी तिला मोठी चौकोनी फ्रेम सुचवली. वाकून लिहायला बसली की चष्मा घसरायचा, सजद्यात तर काढूनच ठेवावा लागायचा. कानामागे ओढ लागायची ती वेगळीच. शेवटी ती वर्गात चष्मा लावेनाशी झाली आणि फळ्यावरचं शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवू लागली. घरच्यांना वाटलं, नंबर वाढला. नंबर तोच होता.

तिच्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला आकडे होते : ५४, मग एक लहानसा चौकोन, २०, आणि पुढे १४५. हे आकडे बहुतेक फ्रेमवर असतात आणि ते मिलिमीटरमध्ये असतात. पहिला एका काचेची रुंदी सांगतो. दुसरा दोन काचांमधलं अंतर, म्हणजे नाकावरचा ब्रिज. तिसरा काडीची लांबी, बिजागरीपासून टोकापर्यंत, वळणासकट.

भाचीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ६० मिलिमीटर. फ्रेमचे पहिले दोन आकडे मिळवले तर ७४ होतात. म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ७ मिलिमीटर नाकाकडे बसत होता. उणे नंबरची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. डोळा मध्यापासून जितका आत, तितकी बाहेरची कड जाड आणि चष्मा पुढे जड. त्यात ब्रिज २० चा आणि तिचं नाक अरुंद व बसकं, म्हणजे ते वजन पेलायला आधारच नाही. काडीचं वळणही कानाच्या मागे बरंच लांब पडत होतं. फ्रेम घसरू नये म्हणून कुणीतरी ते वळण जास्त वाकवून दिलं होतं, म्हणून कान दुखत होता.

अब्बांनी तिला ४८, १८, १३५ मापाची धातूची फ्रेम दिली. आता बेरीज ६६, म्हणजे डोळा मध्यापासून फक्त ३ मिलिमीटर आत. काचेची कड पातळ झाली. धातूच्या फ्रेमला हलवता येणारे नोजपॅड असतात. ते तिच्या नाकाच्या उतारावर सपाट टेकवले. प्लास्टिकच्या फ्रेमला ही सोय सहसा नसते, तिथे ब्रिज नाकावर दोन्ही बाजूंनी पूर्ण टेकलाच पाहिजे. ब्रिज रुंद असेल तर चष्मा खाली येतो. अरुंद असेल तर वर चढून बसतो आणि नाकावर लाल खुणा पडतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घसरणारा प्रत्येक चष्मा सैल नसतो. फ्रेम चेहऱ्याला अरुंद असली तर काड्या कानशिलावर दाबून बाहेर फाकतात आणि चष्म्याला पुढे ढकलतात. अशा वेळी काड्या आणखी आवळल्या तर तो जास्तच घसरतो. कानशिलावर काडीचा वळ दिसला तर फ्रेम रुंद हवी. काडी मात्र सरळ जाऊन कानाच्या वरच्या टोकापाशी वळली पाहिजे. वळण कानाच्या आधीच आलं तर काडी आखूड आहे. वळण थोडंच पुढेमागे असेल तर प्लास्टिकचं टोक गरम करून ते सरकवता येतं. पण फार फरक असेल तर दुसरी लांबीच घ्यावी.

माप जमलं की मग आकार. गोल चेहऱ्याला थोडे कोन असलेली फ्रेम चांगली दिसते, भाचीला तशीच दिली, फक्त लहान. चौकोनी जबड्याला गोलसर कडा मऊपणा देतात. लांबट चेहऱ्याला थोडी उंच काच बरी, अरुंद पट्टीसारखी नको. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरची पट्टी जाड घेऊ नये. आणि नाक लांब वाटत असेल तर ब्रिज जरा खाली असलेली फ्रेम पाहावी.

स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी फ्रेम स्कार्फ बांधूनच लावून पाहावी. काडी कापडावर राहिली तर कानावर टेकत नाही. कापडाखाली गेली तर दाब वाढतो. म्हणून पातळ, सरळ काडी घ्यावी. मग मान खाली घालून जमिनीकडे पाहावं आणि डोकं हलकेच हलवावं. चष्मा जागेवर राहिला, तरच पैसे द्यावेत.