लग्नघरी जाण्यापूर्वी मनाशी काय बोलावे

मावळातल्या लग्नाला ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना ध्वनिक्षेपकाचे माहात्म्य वेगळे सांगावयास नको. गोरज मुहूर्त कधीच टळून गेलेला असतो, मांडवात पाचसातशे माणसे बसलेली असतात आणि निवेदक एकेका पाहुण्याचे नाव, गाव व हुद्दा उच्चारून त्याचे स्वागत करीत असतो. पुष्कळांना यात सुख वाटते. काहींना मात्र आपले नाव पुकारले जाईल या नुसत्या कल्पनेने घाम फुटतो. आम्हां दोघांपैकी एक त्या काहींतला आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे हे ऐकून लोक हसतात. शंभर विद्यार्थ्यांपुढे तासभर बोलणारा माणूस लग्नात कसा बुजेल? पण वर्गात विषय ठरलेला असतो, आपली जागा ठरलेली असते आणि शेवटी घंटा होते. लग्नाच्या मांडवात यातले काहीच नसते. कोणीतरी अचानक समोर उभे राहते आणि विचारते, "ओळखलं का मला?" मराठी भाषेत याहून क्रूर प्रश्न आम्हांस तरी माहीत नाही.

अशा माणसास स्वयंसूचनेचा सल्ला हमखास मिळतो. 'मी आत्मविश्वासपूर्ण आहे, मी सर्वांना आवडतो' असे आरशापुढे म्हणावयाचे. एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी लोकप्रिय केली आणि तेव्हापासून तिचे पेव फुटलेले आहे. तिची खरी परीक्षा २००९ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. काही जणांस चार मिनिटे, दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' या अर्थाचे वाक्य मनाशी म्हणावयास सांगितले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळात चांगले होते त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचे मत वाईट होते त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटले. म्हणजे ज्याला औषधाची गरज, त्यालाच ते बाधले. कारण उघड आहे. मोठे वाक्य उच्चारताच आतला साक्षीदार उठून त्याच्या विरुद्धचे सगळे पुरावे वाचू लागतो.

तेव्हा वाक्य असे हवे की साक्षीदाराला उठण्याचे कारण पडू नये. आमच्या घरी याची एक साधी कसोटी आहे. वाक्य मोठ्याने म्हणावयाचे आणि ते शंभरांपैकी किती खरे वाटते ते लगेच सांगावयाचे. सत्तरांच्या खाली आले तर त्यातले एखादे विशेषण काढावयाचे किंवा आकडा घटवावयाचा. गेल्या मार्गशीर्षात वडगावला चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. पहिले वाक्य तयार झाले ते असे : 'मी लोकांत सहज मिसळतो.' त्याला मिळाले दहा गुण. 'मी कोणाशी तरी थोडे बोलू शकतो' याला पन्नास, कारण 'कोणाशी तरी' म्हणजे नेमके कोणाशी, हे मनाला कळत नाही. अखेर टिकले ते हे : 'तात्यांच्या शेजारी बसून यंदा इंद्रायणी किती पोती झाली, हे विचारता येईल.' याला नव्वद. तात्या भाताविषयी विचारले की पंधरा मिनिटे थांबत नाहीत, हा अनुभवच होता.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. व्याकरण शिकविणाऱ्यांस ती विशेष आवडावी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले की, भाषणासारख्या प्रसंगापूर्वी स्वतःशी बोलताना 'मी' ऐवजी 'तू' किंवा स्वतःचे नाव वापरणाऱ्यांची धास्ती कमी होते आणि नंतरचा पश्चात्तापही कमी होतो. लोकांत वावरण्याची भीती मुळातच जास्त असलेल्यांसही याचा उपयोग झाला. हे वाचून आम्हांस रामदासांची आठवण झाली. मनाच्या श्लोकांत, २०५ श्लोकांच्या त्या मालिकेत, मनाला समोर बसवून 'मना' अशी हाक घातलेली आहे. हेतू अगदी वेगळा, पण बोलण्याची रीत तीच. म्हणून आमची वाक्ये द्वितीय पुरुषी झाली, तीही घरच्या हाकेने. ते नाव येथे छापण्यास परवानगी मिळालेली नाही.

लोणावळ्याहून लोकलने निघताना कागदावर चार वाक्ये होती. 'अरे, छाती धडधडेल; मागच्या खेपेला थोड्या वेळाने उतरली होती.' 'तुला तिघांशी बोलायचे आहे, सातशेंशी नाही.' 'ओळख पटली नाही तर नाव विचारता येते.' आणि चौथे, 'हात थरथरतो तो तुला जितका दिसतो तितका लोकांना दिसत नाही.' हे चौथे वाक्य केवळ सांत्वन नव्हे. आपली घबराट इतरांस स्पष्ट दिसते आहे असा माणसाचा अतिरेकी समज असतो, आणि हे आधी नीट समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली, असे सावित्स्की व गिलोविच यांनी २००३ मध्ये नोंदविले आहे.

मळवली, कामशेत, कान्हे. एवढ्या वेळात ती वाक्ये दोनदा वाचली आणि वडगाव स्थानकावर कागद खिशात गेला. तो मांडवात पुन्हा काढावयाचा नाही, हा नियम. कारण बुजणाऱ्या माणसाचे लक्ष आधीच स्वतःच्या आवाजावर आणि घामावर खिळलेले असते. तेथे मंत्रजप सुरू केला तर ते आणखी आत वळते. आत गेल्यावर लक्ष तात्यांच्या पोत्यांकडे हवे.

निघण्याची वेळही आधी ठरविली होती. जेवण झाले की निघावयाचे, 'असह्य झाले की' नव्हे. हा फरक क्षुल्लक नाही. घाबरून पळ काढला की सुटका झाल्याचे सुख मिळते, आणि पुढच्या आमंत्रणाला मन तेवढेच आठवते. याच कारणाने, ज्याने वर्षभर प्रत्येक समारंभ टाळला आहे, किंवा ज्याची नोकरीच या भीतीने धोक्यात आली आहे, त्याने वाक्ये जुळवीत बसू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. त्यावर रीतसर उपचार आहेत.

त्या संध्याकाळी तात्यांशी बोलणे झाले. आत्याबाईंना नमस्कार झाला. तिसरे गृहस्थ गर्दीत सापडलेच नाहीत. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले गेले, तेव्हा जागेवरून उठून हात जोडले, एवढे पुरले. एका पोक्त गृहस्थांनी तो प्रश्न विचारलाच. "चेहरा ओळखीचा आहे, नाव सांगा," असे म्हटल्यावर ते रागावले नाहीत. उलट आपले नाते इतक्या विस्ताराने सांगू लागले की पंगत उठेपर्यंत दुसऱ्या कोणाशी बोलण्याची वेळच आली नाही.

रात्री मात्र उजळणी सुरू झाली. नमस्कार करताना हसलो ते विचित्र दिसले का, वगैरे. या घटकेसाठी एक पाचवे वाक्य लागते हे तेव्हा लक्षात आले : 'घडले तेवढेच मोज, तिघांपैकी दोघे झाले.' पुढील महिन्यात कामशेतला बारसे आहे. घर लहान, ध्वनिक्षेपक नाही, पण बाळाला हातात घ्यावे लागेल. त्याचे वाक्य अजून साठांवरच अडले आहे.