खाट, खानावळ आणि खतावणी

प्रिय बाळ्या,

परवा तुझ्या नातवाच्या मुंजीत, भर पंगतीत तू मला विचारलंस, "लेका, फर्ग्युसनला नाव लागलं होतं तुझं, मग सांगलीतच का कुजलास?" तोंडात जिलबी होती म्हणून उत्तर राहिलं. तसं ते १९७९ पासूनच राहिलंय.

तेव्हा मी तुला कारणं कळवली होती. फर्ग्युसन १८८५ चं, आमचं विलिंग्डन १९१९ चं. दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच लेकरं, मग थोरल्याचा हट्ट कशाला? पदवी पुणे विद्यापीठाची नाही, शिवाजी विद्यापीठाची मिळणार होती. पण ते १९६२ चं, मीही १९६२ चा. म्हटलं, दोघं बरोबरच वाढू.

मग हिशेब. पुण्यात 'कॉट बेसिस' चाळीस रुपये, म्हणजे खाट आपली आणि खाटेखालची जमीन मालकिणीची. खानावळ एकशे दहा. एस.टी., साबण, चहा धरून दोनशे. आप्पांचा पगार चारशे आणि घरी खाणारी तोंडं पाच. उलट विश्रामबागला सायकलनं जायचं, खर्च फक्त पंक्चरचा.

हे सगळं खरं होतं रे. पण ही कारणं नव्हती, कारणांचे कपडे होते.

आप्पा हळदीच्या पेढीवर दिवाणजी. शेतकऱ्याची हळद विकली की रकमेतून हमाली, तोलाई, अडत वजा करून पट्टी करायची आणि ती खतावणीत चढवायची. त्या उन्हाळ्यात एका पट्टीत एक पोत्याची नऊ पोती झाली. शेतकरी भला, त्यानंच दाखवून दिलं. मालक हसले, पण आप्पा हसले नाहीत. त्या रात्री ते वह्या घरी घेऊन आले आणि म्हणाले, "जरा आकडे वाच बघू, दिवा मंद वाटतोय." दिवा साठचा होता. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता.

पेढीवर कळलं असतं तर गादीवर दुसरा दिवाणजी बसला असता. म्हणून रोज रात्री मी वाचायचा, ते बेरीज तोंडी सांगायचे, मी लिहायचा. अक्षरसुद्धा त्यांच्यासारखं गिरवलं. दोन वर्षांनी मिरजेला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तोवर ही चोरी चालली.

पुण्याची हवा मानवत नाही, असं मी घरात सांगितलं होतं. आप्पांनी मान हलवली. ते पुण्याला कधी गेले नव्हते, पण मीही गेलो नव्हतो, हे त्यांना ठाऊक होतं.

तोटा झालाच. तुझ्यासारखं फाडफाड इंग्रजी आलं नाही, ओळखीही झाल्या नाहीत. बेरीज मात्र अजून तोंडी होते. मुंजीत जिलब्या तू सात खाल्ल्यास. वहिनींना पाच सांगितल्यास.

तुझा,
सांगलीकर