बावन्न आणि सहाशे बारा

माझ्या शर्टाच्या खिशात सहा वर्षं एक लहानसं मीटर होतं. पेनाएवढं, टोकाला दोन बारीक पिना. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. घरी फिल्टर बसवायला आलेल्या माणसाने ते पहिल्यांदा दाखवलं. नळाचं पाणी ५८०, त्याच्या यंत्रातलं ४०. तेवढ्यावर मी मानलं की आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध. यंत्र परवडलं नाही, म्हणून मी वीस लिटरचे थंड पाण्याचे जार सुरू केले. जारचा आकडा ४५ यायचा. एरंडोलच्या उन्हाळ्यात ते गार पाणी आणि तो आकडा, दोन्ही मला दिलासा द्यायचे. नळाचं पाणी भांडी घासायला आणि आंघोळीला राहिलं. शेजाऱ्यांनाही मी हेच सांगत फिरलो आणि चार घरांत जार माझ्या शब्दावर सुरू झाले.

ही समजूत चुकीची होती. ती कशी मोडली, ते जसं घडलं तसं लिहितो.

मे महिन्याचा शेवट होता. मी आणि माझी आई नाशिकहून मेमूने येत होतो. जळगावला उतरून एसटीने एरंडोल, असा नेहमीचा बेत. आईचं वय चौऱ्याहत्तर. बरोबर घेतलेल्या दोन बाटल्या चाळीसगावातच संपल्या. पाचोऱ्यानंतर आभाळ काळं झालं, वावटळ सुटली आणि वळीव कोसळला. गाडी म्हसावदला थांबली ती थांबलीच. पुढे वादळाने कुठला तरी पत्रा उडून विजेच्या तारेवर पडला होता. तिथून आमचं गाव जवळ, पण रस्त्यावर झाडं पडलेली आणि एकही रिक्षा निघायला तयार नव्हती.

म्हसावद हे शिरसोली आणि माहेजीच्या मधलं लहान स्टेशन. एवढी गर्दी तिथे कधी उतरत नाही. पाऊस अर्ध्या तासात थांबला आणि पुन्हा उकडायला लागलं. प्लॅटफॉर्मवरचा माठ लोकांनी पाच मिनिटांत रिकामा केला. नळावर झुंबड उडाली, आणि थोड्या वेळात टाकीही तळाला गेली. सुदैवाने स्टेशनची गेलेली वीज परत आली, पंप सुरू झाला, टाकीत बोअरचं पाणी पडू लागलं. पण पॉइंट्समन काकांनी नळांची मुख्य चावी बंद केली आणि तिच्यापाशीच उभे राहिले.

लोक चिडले. मीही चिडलो. तहानलेल्या माणसांसमोर पाणी अडवून धरणं मला माणुसकीला सोडून वाटलं, आणि मी तसं त्यांना तोंडावर बोललो.

"अर्धा घंटा, भाऊ," ते एवढंच म्हणाले.

टाकीच्या बुडाशी एक थेंब गळत होता. मी त्याखाली मीटर धरलं. ६१२. म्हणजे मिळालं असतं तरी ते पाणी मी आईला दिलं नसतं. शेजारी शेडच्या पत्र्याखाली एक बादली होती, वळवाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. पाणी नितळ दिसत होतं. त्यात मीटर बुडवलं तर आकडा आला ५२. मला हायसं वाटलं. जारच्याच जवळचा आकडा, आणि तेही आभाळातून आलेलं पाणी. मी पेला भरला आणि आईच्या हातात दिला.

काकांनी चार ढांगांत येऊन तो पेला तिच्या हातातून काढून घेतला.

"माय, ते नको पिऊ." मग मला म्हणाले, "वर बघा."

मी वर पाहिलं. पत्र्यावर कबुतरं बसली होती. महिनोन्‌महिने साचलेली त्यांची विष्ठा पहिल्या पावसाने धुऊन निघाली होती आणि पन्हाळीतून थेट त्या बादलीत उतरली होती. माझ्या मीटरने त्याच पाण्याला बावन्न गुण दिले होते.

यात मीटर खोटं बोललं नव्हतं. ते दोन पिनांमधून पाण्यात वीज सोडतं आणि ती किती सहज वाहते ते मोजतं. पाण्यात विरघळलेले क्षार जास्त तर आकडा जास्त. त्यावरून चव कळते, खारेपणाचा अंदाज येतो, पाणी जड असावं का याचाही अंदाज येतो. जंतू मात्र त्याच्या हिशेबातच येत नाहीत. एका पेल्यात हगवणीचे लाखो जंतू असले तरी आकडा जागचा हलत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते घाणेरड्या पत्र्यावरून वाहत आलं तरी आकडा लहानच येऊ शकतो. आपल्याकडच्या काळ्या दगडातून झिरपलेलं बोअरचं पाणी क्षार घेऊनच वर येतं. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे ६१२ च्या पाण्यात डाळ शिजायला कदाचित वेळ लागेल, पण त्या आकड्याने माणूस आजारी पडत नाही.

हे सगळं मी नंतर वाचून समजून घेतलं. त्या संध्याकाळी मला काकांनी फक्त करून दाखवलं.

त्यांच्याकडे टीसीएल पावडरच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत होत्या. टाकी दोन हजार लिटरची. एक पुडी त्यांनी प्लास्टिकच्या बादलीत टाकली, थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी केली, मग पाणी वाढवून ढवळलं आणि तशीच ठेवली. दहा मिनिटांत चुना तळाशी बसला. वरची निवळी तेवढी त्यांनी टाकीत ओतली, आणि तीही पाणी धारेने पडत असताना, म्हणजे ती सगळीकडे मिसळते. खालचा गाळ फेकून दिला. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण तेहतीस टक्के असतो. त्या हिशेबाने दर लिटरला दीड मिलिग्रॅमहून थोडा अधिक क्लोरीन पडला. त्यातला काही पाण्यातल्या घाणीशी आणि जंतूंशी लढण्यात खर्च होतो. त्यासाठीच तो अर्धा तास. लगेच नळ सोडला असता, तर लोक पावडरीचा वास असलेलं पण जंतू न मेलेलं पाणी प्यायले असते.

"पावडर जुनी असली तर?" मी विचारलं. माझा आवाज आता खाली आला होता.

"म्हणून तर शिशी," असं म्हणून त्यांनी कपाटातून एक छोटी पेटी आणली. तिच्यात काचेच्या नळ्या, क्लोरीन तपासायच्या ओटीची बाटली आणि एका बाजूला फिकट ते गडद पिवळ्या रंगाच्या खिडक्या होत्या. एका नळीत त्यांनी माझ्या बादलीतलं पाणी घेतलं आणि ओटीचे थेंब टाकले. रंग नाही. दुसऱ्या नळीत टाकी भरताना आधीच काढून ठेवलेलं, पावडर न पडलेलं बोअरचं पाणी. त्यालाही रंग नाही. अर्धा तास झाल्यावर त्यांनी अगदी टोकाचा नळ उघडला, पाणी थोडा वेळ वाहू दिलं, तिसरी नळी त्याच पाण्याने विसळून भरली आणि थेंब टाकले. क्षणात फिकट पिवळा रंग आला. पेटीतल्या खिडकीशी लावून पाहिला तर ०.५ च्या जवळ. किमान ०.२ हवा असतो. मग नळ्या रुळांपलीकडे रिकाम्या केल्या, कारण ओटी पोटात जाऊ द्यायचं नसतं. आकडा वहीत लिहिला, आणि मगच मुख्य चावी सोडली.

पिवळा रंग म्हणजे जंतूंशी लढून झाल्यावरही पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पुढे एखादा मळका हात लागला, पेला नीट धुतलेला नसला, तरी तो थोडा वेळ राखण करतो. रंग नाही म्हणजे पाणी वाईटच, असं नाही. रंग नाही म्हणजे राखण नाही.

आई दोन पेले पाणी प्यायली. पिताना तिने वडिलांची आठवण काढली. त्यांच्या लहानपणी स्टेशनवर पाणी पाजणारा पाणीपांडे असायचा, आणि हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं, अशा दोन घागरी असायच्या. इथे एकाच नळाखाली सगळे ओंजळ धरून उभे होते. काकांनी माठ पुन्हा भरून घेतला आणि त्यावर लांब दांड्याचं ओगराळं अडकवलं. माठातला क्लोरीन काही तासांत उडून जातो, म्हणून कालचं पाणी ओतून रोज नवं भरायचं आणि हात आत घालायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर मी ओटीची बाटली विकत आणली. जारच्या पाण्याला रंग आला नाही. ते पाणी क्लोरीन काढूनच बनतं, त्यामुळे यात नवल नव्हतं. सीलबंद बाटलीत त्याने बिघडत नाही. पण माझा जार सीलबंद नव्हता. तो रोज कुणाच्या तरी हाताने धुतला जात होता, झाकण सैल होतं आणि तोटी न धुता महिने जात होते. मग आरोग्य केंद्रातून माहिती घेऊन एचटूएसच्या दोन बाटल्या आणल्या. त्यांत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतल्या जंतूंची लागण असेल तर पाणी काळं पडतं. नळाच्या पाण्याची बाटली तशीच राहिली. जारची दुसऱ्या दिवशी काळी झाली. एका बाटलीवरून सगळ्या जारवाल्यांना दोष देता येणार नाही, आणि मी देतही नाही. पण आदल्या वर्षी घरात दोनदा जुलाब झाले तेव्हा मी बाहेरच्या खाण्याला दोष दिला होता. जारकडे माझी नजर वळलीच नव्हती, कारण आकडा ४५ होता.

ज्या चार घरांना मी जार लावले, त्या घरी जाऊन मी हे सांगितलं. दोघांनी ऐकलं. एकाने विचारलं, क्लोरीनने फ्लोराइड जातं का, नायट्रेट जातं का? जात नाही. ती तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते, आणि बोअरचं पाणी पिणाऱ्या घराने ती वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. गढूळ पाण्यात तर क्लोरीन गाळातच खर्च होऊन जातो. म्हणून पावसाळ्यात पाणी आधी निवळू द्यायचं, मग क्लोरीन टाकायचा आणि अर्ध्या तासाने रंग पाहायचा. रंग आला नाही त्या दिवशी आम्ही पाणी उकळतो, चांगली खळखळून उकळी येईपर्यंत.

तुमच्या घरी असं मीटर असेल तर ते फेकू नका, पण त्याच्या भरवशावर पाणी पिऊही नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी असते, जल जीवन मिशनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या तुमच्या गावातल्या महिलांकडे तपासणी किट असतं. त्यांना एकदा घरी बोलवा आणि तुमच्या माठातलं पाणी तुमच्या डोळ्यांदेखत तपासून घ्या.