तीन ताटे, सहा ताटे आणि मध्यरात्रीचा पराठा

बेंगळुरूतील एका संशोधन संस्थेच्या वसतिगृहात राहणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या वहीत दोन सल्ले एकाखाली एक लिहिलेले होते. पहिला व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाचा: दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खा, म्हणजे चयापचय पेटते राहील. दुसरा घरून आलेला: रात्री आठनंतर खाल्लेले सगळे अंगावर चढते. त्याला आठ किलो चरबी उतरवायची होती आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडायला रोज साडेदहा वाजत. मेस नऊला बंद होई. मग रात्री साडेअकराला फाटकासमोरच्या टपरीवरचा बटाट्याचा पराठा हेच त्याचे खरे जेवण ठरे. दोन्ही सल्ले खरे असतील, तर त्याची बाजू आरंभीच पडलेली होती.

पहिल्या सल्ल्यामागची कल्पना चुलीची आहे: थोडे थोडे लाकूड सारत राहिले की जाळ विझत नाही. तिला शरीरक्रियेचा एक आधारही आहे. अन्न पचवण्यासाठी, शोषून घेण्यासाठी आणि साठवण्यासाठी शरीराला ऊर्जा खर्चावी लागते. मिश्र आहारात हा खर्च खाल्लेल्या ऊर्जेच्या सुमारे दहा टक्के असतो. म्हणजे प्रत्येक खाण्यानंतर जाळ खरोखरच थोडा वाढतो. प्रश्न असा, की तो किती वाढतो? त्या विद्यार्थ्याने दिवसाला 1800 किलोकॅलरी ठरवल्या होत्या. सहाशेची तीन जेवणे घेतली, तर दर वेळी साठ, एकूण 180. तीनशेची सहा खाणी घेतली, तर दर वेळी तीस, एकूण पुन्हा 180. खर्च ताटांच्या संख्येवर नव्हे, ताटात काय आणि किती आहे यावर ठरतो. प्रथिने पचवण्याचा खर्च स्निग्ध पदार्थांच्या कितीतरी पट असतो, म्हणून ताटातली डाळ आणि अंडी हा हिशेब बदलू शकतात. घड्याळाचे सहा ठोके तो बदलू शकत नाहीत.

हा नुसता कागदावरचा गुणाकार नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे पंधरा जणांना बंद खोलीत ठेवून मोजणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा खोलीत आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील प्राणवायू आणि कार्बन डायॉक्साइड अखंड मोजतात. जाळल्या जाणाऱ्या चरबीला कर्बोदकांपेक्षा अधिक प्राणवायू लागतो. त्यामुळे या दोन वायूंच्या प्रमाणावरून शरीर त्या घटकेला कोणते इंधन वापरत आहे हे कळते. त्याच माणसांनी तेवढेच अन्न एकदा तीन वेळांत आणि एकदा सहा वेळांत घेतले. चोवीस तासांत जळलेल्या चरबीत फरक आढळला नाही. जेवणानंतर चरबीचे ज्वलन मंदावते आणि पोट रिकामे होऊ लागले की पुन्हा वाढते. तीन जेवणांत ही लाट उंच असते, सहांत बुटकी, पण दिवसाअखेर जमाखर्च एकच. एक फरक मात्र दिसला, आणि तो अपेक्षेच्या उलट होता: सहा वेळा खाताना भूक आणि खाण्याची इच्छा अधिक राहिली.

खोलीबाहेरही चित्र बदलले नाही. कॅनडातील ओटावा येथे सोळा स्थूल व्यक्तींना आठ आठवडे समान ऊर्जा-तुटीचा आहार देण्यात आला. अर्ध्यांना तीन जेवणे, अर्ध्यांना तीन जेवणे आणि तीन अल्पोपाहार. दोन्ही गटांचे वजन सुमारे पाच टक्के उतरले. माणसे थोडी होती हे खरे, आणि एवढ्या लहान प्रयोगात बारीक फरक निसटू शकतो. पण ज्या ‘पेटत्या चयापचया’चे वचन दिले जाते, तो फरक बारीक असणे अपेक्षित नव्हते.

मग सहा वेळा खाणारे सडपातळ असतात, हा समज आला कुठून? बराचसा जुन्या सर्वेक्षणांतून. 1964 मध्ये प्रागमधील संशोधकांनी वयस्क पुरुषांच्या पाहणीत कमी वेळा खाणाऱ्यांत स्थूलता अधिक असल्याचे नोंदवले होते. परंतु वजनाची चिंता असलेला माणूसच पुष्कळदा न्याहारी गाळतो, आणि मधले खाणे सांगायला विसरतो. कारण आणि परिणाम येथे सहज जागा बदलतात. महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच जेवणारे आणि दर दोन तासांनी खाणारे, असे जे दोन पंथ झाले आहेत, त्यांच्या यशोगाथांनाही हीच खोट आहे: पंथ स्वीकारताना माणूस बहुधा खाणेही आवरतो, आणि श्रेय घड्याळाला जाते.

रात्रीच्या पराठ्याचे प्रकरण मात्र एवढ्या झटपट निकालात निघत नाही. बोस्टनमध्ये सोळा जणांना तेच जेवण एकदा नेहमीच्या वेळी आणि एकदा सुमारे चार तास उशिरा दिले गेले. निष्कर्ष 2022 चे. उशिरा खाताना जागेपणीची भूक वाढली, तृप्ती सुचवणारे लेप्टिन घटले आणि ऊर्जाखर्च दिवसाला साठेक किलोकॅलरींनी कमी झाला. त्याच वर्षी ॲबरडीनहून दुसरी बाजू आली. तीस जणांनी चार आठवडे सकाळी मोठे व रात्री लहान जेवण घेतले आणि चार आठवडे त्याच्या उलट. अन्न पुरवलेले व मोजलेले होते. दोन्ही वेळा वजन सव्वातीन किलोंहून किंचित अधिक उतरले. ऊर्जाखर्चातही फरक नव्हता. सकाळचे जेवण जड असताना भूक मात्र कमी लागली. अर्थात ॲबरडीनमधील रात्रीचे जेवण हे साडेअकराचा पराठा नव्हे, आणि बोस्टनचा प्रयोग काही दिवसांचाच होता. एकाचा निकाल दुसऱ्याला खोडत नाही. पण दोघांत जुळणारी गोष्ट भूक आहे. वेळ चरबीवर थेट मंत्र घालत नाही. ती पुढचा घास मागायला लावते, आणि अन्न बाहेरून मोजून येत नसेल तेव्हा तो घास खाल्ला जातो.

विद्यार्थ्याने दोन आठवडे सर्व काही तोलून लिहिले, तेव्हा हेच उघड झाले. सहा खाण्यांतील तीन मधली खाणी कागदावर दीडशेची होती. प्रत्यक्षात मूठभर फरसाण, सोबत दोन चमचे साखरेचा चहा आणि कुणी पुढे केलेली बिस्किटे मिळून ती अडीचशेवर जात. तीनदा शंभर, म्हणजे दिवसाला तीनशे. त्याने ठरवलेल्या पाचशेच्या तुटीपैकी निम्म्याहून अधिक तेथेच भरून निघत होते. आणि पराठा? लोण्यासकट पाचशेच्या आसपास. तो मेसमधील साडेआठच्या जेवणाऐवजी खाल्ला, तर हिशेबात बसे. जेवण करून वर खाल्ला, तर नाही. पराठ्यानंतरच्या सकाळी काटा पाऊण किलो वर दिसे आणि त्याला तो रात्रीचा दोष वाटे. पण पाऊण किलो चरबी साठायला साडेपाच हजारांहून अधिक किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. काट्यावर दिसत होते ते लोणच्यातील मिठाने धरलेले पाणी आणि आतड्यात असलेले अन्न. रोजच्या आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी मागील आठवड्याच्या सरासरीशी ताडली, तेव्हा रेषा संथपणे खालीच येत होती.

त्याने शेवटी तीन जेवणे ठेवली. दुपारचे ताट मोठे केले, आणि साडेआठला मित्राकरवी मेसचा डबा प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात मागवू लागला. त्याची खोलीसोबतीण नव्हे, पण शेजारच्या बाकावरची सहकारी पाच वेळा खाते. लांब उपाशी राहिले की ती संध्याकाळी हाती येईल ते संपवते, हे तिने स्वतःच्याच नोंदींतून ओळखले आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या तिच्या वडिलांना मात्र यातले काहीच आपल्या मनाने बदलता येत नाही; त्यांच्या जेवणाच्या वेळा औषधाच्या मात्रेशी बांधलेल्या आहेत आणि त्या डॉक्टरांना विचारूनच हलतात.