उपवासातली एक गोळी

आमच्या लांजीत कुणाच्या घरी गेलं की टीव्हीच्या बाजूला औषधाचा डबा असतो. बीपीची, थायरॉइडची, गॅसची गोळी. पर्युषण आलं की हा डबा आठ दिवस बंद होतो. बऱ्याच गोळ्यांचं त्यात फारसं बिघडत नसेलही, पण त्यात एक गोळी अशी असते की तिला अशी रजा देता येत नाही. ती म्हणजे प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड म्हणतात ती हीच.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना संधिवात. सकाळी मुठी वळत नसत, कणीक मळणं तर दूरच. नागपूरच्या डॉक्टरांनी रोज वीस मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, पुढे पंधरा, मग दहा. चार दिवसांतच त्या उठून स्वयंपाकघरात आल्या. हे असंच होतं या औषधाचं. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, आणि काही दिवसांत ती बाजारात खरेदीला गेली. 1950 मध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या कामासाठी नोबेलही मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत येतं आणि फार दिवस दिलं की अंगावर येतं, हेही तेव्हाच दिसायला लागलं होतं.

जाऊबाई दीड वर्ष दहा मिलिग्रॅमवर होत्या. पर्युषणात त्यांनी अठ्ठम धरला, म्हणजे लागोपाठ तीन उपवास, फक्त उकळलेलं पाणी. "सांधे तर आता दुखत नाहीत, तीन दिवस नाही घेतली तर काय होतं," म्हणाल्या. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं झालं, सगळ्यांना वाटलं उपवासाचा थकवा. तिसऱ्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटात दुखणं. उठून बसल्या की डोळ्यांपुढे अंधारी. बोलणंही तुटक. गाडी काढून गोंदियाला नेलं. तिथे बीपी नव्वदच्या खाली, साखर साठच्या आत. डॉक्टरांनी विचारलं, "स्टेरॉइड घेतात का? कधीपासून बंद आहे?" आणि उत्तर ऐकताच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत त्या आम्हाला ओळखू लागल्या आणि पाणी मागू लागल्या.

नंतर त्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल बनवते, पहाटे जास्त, रात्री कमी. अंगातलं बीपी, साखर, ताप-आजाराशी झुंजायची ताकद, सगळं त्यावर चालतं. या ग्रंथींना "बनवा" असा निरोप मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. रोज गोळी मिळू लागली की पिट्युटरी बघते, रक्तात भरपूर आहे, मग निरोप कशाला? निरोप बंद, तर ग्रंथीही काम सोडतात आणि हळूहळू आक्रसून लहान होतात. दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनी असं होत नाही. तीन-चार आठवड्यांच्या पुढे गेलं की ही शक्यता धरायलाच हवी. मग गोळी एकदम थांबली तर आत कॉर्टिसॉल नाही आणि बाहेरूनही नाही. त्या ग्रंथी जाग्या व्हायला महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त.

यात एक घोळ आहे. गोळी कमी करताना सांधे आणि स्नायू दुखतातच, मूळ आजार उलटला असं वाटतं. ते दुखणं आजाराचं की गोळी उतरल्याचं, हे घरी ठरत नाही. पण उभं राहिल्यावर घेरी, उलट्या, गळून जाणं, भान हरपणं यातलं काही दिसलं की वाट पाहायची नाही. उलटी होत असेल तर गोळी पोटात टिकत नाही, म्हणून इंजेक्शनच लागतं. दवाखान्यात गेल्याबरोबर पहिलं वाक्य "स्टेरॉइड चालू होतं" हेच हवं. जाऊबाईंच्या पर्समध्ये आता तसं लिहिलेलं कार्ड असतं.

साखरेचंही एक गमतीचं आहे. जाऊबाईंची उपाशीपोटीची साखर नेहमी शंभरच्या आसपास, म्हणून घरात सगळे निर्धास्त. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. रात्रभरात औषधाचा असर ओसरतो, म्हणून सकाळी तपासणी खोटा धीर देते. आमच्याकडे दुपारी ताटभर भात, धानाचा मुलूख आहे ना! नागपूरच्या डॉक्टरांनी जेवणानंतर दोन तासांनी आणि चौविहाराच्या आधी, पाच वाजता, साखर मोजायला सांगितली. निघाली दोनशे साठ. मधुमेहाची गोळी सकाळच्या स्टेरॉइडसोबत ठरवली. आणि स्टेरॉइड कमी झालं की तीही कमी करावी लागते, नाहीतर साखर उतरून जाते.

हाडांचं तर कळतच नाही, दुखत नाही ना. हाडं रोज थोडी मोडतात नि बांधली जातात. स्टेरॉइड बांधणाऱ्या पेशींना सुस्त करतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. सर्वांत जास्त झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते, तीही मणक्यांत आणि फासळ्यांत. उंची बोटभर कमी झाली, किंवा पाठीत अचानक कळ आली, तर मणका दबलेला असू शकतो. जाऊबाईंना कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेटची सत्तर मिलिग्रॅमची गोळी लागू झाली. ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचंही नाही. अन्ननलिकेला ती जाळते. आता आमच्याकडे नवकारसी! सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं पाणीही नाही. ती सुटली की आधी उकळून गार केलेल्या पाण्यासोबत अलेंड्रोनेट, अर्धा तास फिरणं, मग नाश्ता आणि त्यासोबत स्टेरॉइड. कॅल्शियम मात्र दुपारी, कारण एकत्र घेतलं तर अलेंड्रोनेट वायाच जातं.

उपवासाबद्दल जाऊबाईंना शंका होती. आमच्या गावी आलेल्या साध्वीजींनी सरळ सांगितलं की पच्चक्खाणातच आगार असतात, त्यात प्राणावर बेतलं तर औषधाची सूट आहे. यंदा त्यांनी एकासण केलं, सकाळची गोळी न चुकवता. कधी ताप आला तर डोस दुप्पट करायचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, आणि दात काढायचा किंवा ऑपरेशन असलं तरी आधी सांगायचं आहे.

उतरणं चालू आहे. दहावरून साडेसात, दोन महिन्यांनी पाच. पाच म्हणजे अंग रोज स्वतः बनवतं जवळपास तेवढंच, म्हणून इथून पुढची पायरी फार हळू. गोळी घेण्याआधी सकाळी आठला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. दहाच्या वर असेल तर ग्रंथी कामाला लागल्या असं धरतात, पाचच्या खाली असेल तर गोळी चालूच. मागच्या महिन्यात जाऊबाईंचं सहा आलं. डॉक्टर म्हणाले, "पाचवरच थांबू, तीन महिन्यांनी पुन्हा बघू." त्या रोज डब्यातली ती पांढरी गोळी मोजतात आणि चौदा दिवसांची उरली की मुलाला गोंदियाला पाठवतात, कारण लांजीत ती कधी मिळते, कधी नाही.